चवथीच्या नऊ दिवसांसाठी गणेशोत्सव समितीच्या घोषणा

मुख्य घोषणा. रविवार, 13 सप्टेंबर 2026, संध्याकाळी 7 वाजता, मंडपातून

(वाचणाऱ्यासाठी: सावकाश वाचा, वेळा दोनदा सांगा. माईक तोंडापासून वीतभर लांब धरा. समोर आरत्यांची तालीम चालू असेल तर ती संपू द्या, मग सुरू करा.)

नमस्कार. वाड्यावरच्या सर्व ग्रामस्थांना, माहेरी आलेल्या लेकींना आणि मुंबई-पुण्याहून चवथीला आलेल्या मंडळींना समितीतर्फे नमस्कार. उद्या सोमवारी चवथ. माटोळी बांधायची लगबग सगळीकडे चालू आहे, म्हणून फार वेळ घेत नाही. आवाज, विसर्जन आणि कचरा या तीनच गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी आवाजाबद्दल. मंडपातला लाऊडस्पीकर सकाळी आरतीच्या वेळी 9 ते 10 आणि संध्याकाळी 6.30 ते 9.45 एवढाच चालेल. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला कायद्याने मनाई आहे. काही सणांना सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण तसा आदेश निघावा लागतो, ती आपोआप मिळत नाही. आपण ती सवलत धरून चालणार नाही. पावणेदहाला आवाज बंद करायचा म्हणजे सामान आवरायला पंधरा मिनिटे मिळतात. दहाला दहा कमी असताना शेवटचे भजन सुरू करायचे आणि मग ते मध्येच तोडायचे, असे यंदा होऊ द्यायचे नाही.

आवाज किती, तेही सांगतो. निवासी भागासाठी दिवसाचे मानक 55 डेसिबल आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्याहून 10 डेसिबलपर्यंत चालते, म्हणजे आपल्या मंडपाच्या कुंपणाजवळ 65. कुणी घरच्या अंगणात साऊंड लावणार असेल, तर त्याच्या हद्दीवर 60. साधे दोघांचे बोलणे साधारण 60 च्या आसपास असते. म्हणजे कुंपणाजवळ उभे राहून शेजाऱ्याशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर स्पीकर जास्त आहे असे समजा. मोबाईलवरचे ॲप अंदाजापुरते ठीक, पण त्याचा आकडा प्रमाण मानू नये. पोलीस येतात ते तपासलेले यंत्र घेऊन येतात.

साऊंडवाल्यांना समितीची नम्र विनंती: भोंगे नकोत. दोन उभे कॉलम स्पीकर मंडपाच्या आतल्या बाजूला तोंड करून, थोडे खाली झुकवून लावावेत. एकच मोठा स्पीकर रस्त्याकडे रोखण्यापेक्षा चार लहान स्पीकर लोकांच्या जवळ ठेवले, तर कमी आवाजात शब्द स्पष्ट ऐकू येतात. अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, म्हणून स्पीकर कुंपणापासून जितका आत घ्याल तितके बरे. बासचे डबे भिंतीच्या कोपऱ्यात लावू नयेत. कोपऱ्यात बास वाढतो आणि तोच कौलांतून आणि भिंतींतून आत शिरतो. शब्द ऐकू येत नाहीत, पण छातीत धडधड होते. वाड्यावर अंथरुणाला खिळलेली माणसे आहेत, तान्ही बाळे आहेत, त्यांना याचाच त्रास जास्त होतो. मिक्सरवर खूण करून ठेवली आहे, तिच्यापुढे बटण कुणीही नेऊ नये. गाणे बदलले की आवाजाची पातळीही बदलते, त्यामुळे नवे गाणे लावताना आवाज आधी खाली आणावा.

आरोग्य केंद्राभोवतालचा 100 मीटरचा भाग शांतता क्षेत्र आहे. विसर्जनाची मिरवणूक वडाच्या पारापासून पुलापर्यंत याच भागातून जाते. तिथे ढोल, ताशे, शामेळ, स्पीकर आणि फटाके सगळे बंद. ‘मोरया’ही तोंडाने हळू म्हणावे. पार आणि पूल या दोन्ही ठिकाणी हिरवा झेंडा घेऊन स्वयंसेवक उभे असतील. पहिला झेंडा दिसला की वाजवणे थांबवा, दुसरा दिसला की पुन्हा सुरू करा. आवाजाचे फटाके रात्री 10 नंतर कुठेच नकोत.

घुमट आरत्यांना स्पीकरची गरज नसते, हे आपल्याला माहीत आहेच. घरोघरी आरत्या जोरात होऊ द्यात, फक्त वेळेचे भान ठेवा.

विसर्जनाचे वेळापत्रक

आता विसर्जन. यंदा वाड्यावर घरगुती गणपती 62 आहेत. दीड दिवसाचे 38, पाच दिवसांचे 17, सात दिवसांचे 7. मंडपातला गणपती नऊ दिवसांचा.

तळीच्या पायऱ्यांवर एका वेळी दोनच मूर्ती उतरवता येतात. गेल्या वर्षी बऱ्याच जणांनी उत्तरपूजा आणि आरती पायरीवरच केली. तसे केले की एका मूर्तीला पंधरा मिनिटे लागतात, आणि 38 मूर्तींना जवळपास पाच तास होतात. आरती घरी किंवा तळीवरच्या कट्ट्यावर आटोपली, तर पायरीवर सातच मिनिटे लागतात आणि सगळे अडीच तासांच्या आत होते. म्हणून कृपया पायरीवर आरती करू नये. कट्ट्यावर चार समया आणि चार पाट मांडलेले असतील.

दीड दिवसाचे विसर्जन मंगळवारी, 15 सप्टेंबरला. वरच्या वाड्यातली 13 घरे संध्याकाळी 5 ला. देवळामागच्या आळीतली 13 घरे 5.50 ला. पुलाकडची 12 घरे 6.40 ला. साडेसातपर्यंत काम पूर्ण होईल. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून ज्यांच्या घरातली वडीलधारी मंडळी तळीवर येणार आहेत, त्यांनी पहिल्या किंवा दुसऱ्या गटात नाव बदलून घ्यावे. ही सोय उद्या दुपारी 12 पर्यंत मंडपाच्या डावीकडच्या टेबलावर आहे.

पाच दिवसांचे विसर्जन शुक्रवारी, 18 सप्टेंबरला 5.30 पासून. सात दिवसांचे रविवारी, 20 सप्टेंबरला 5.30 पासून. या दोन दिवशी गट नाहीत, जो आधी येईल त्याची पाळी आधी. सार्वजनिक गणपतीची मिरवणूक मंगळवारी, 22 सप्टेंबरला दुपारी 4 ला मंडपातून निघेल आणि 7 पर्यंत तळीवर पोहोचेल. तिला उशीर झाला, तर वाटेतला नाच आटोपता घेऊ, पण दहाची वेळ पाळू.

पायऱ्या चिऱ्याच्या आहेत आणि पावसाने त्यांवर शेवाळ चढले आहे. सकाळी त्या घासून घेऊ आणि वर गोणपाटे अंथरू. चप्पल कट्ट्यावरच सोडा, पण पायमोजे घालून खाली उतरू नका, त्यांनी पाय सरकतो. मातीची मूर्ती दिसते त्यापेक्षा जड असते. मूर्तीचे हात किंवा माळ पकडून, किंवा पाठीमागून ती धरू नये. पाट दोन्ही बाजूंनी खालून धरावा आणि पुढच्या माणसाने एक पायरी खाली राहावे. तिसऱ्या पायरीच्या पुढे फक्त समितीचे चार पोहणारे जातील, तेच मूर्ती पाण्यात सोडतील. मुलांना कट्ट्यावरच थांबवा. ट्यूब आणि दोर उजव्या खांबाला बांधलेले आहेत, गंमत म्हणून कुणी सोडू नयेत. पाटावर घरी न्यायची माती तळीतून काढायची गरज नाही. स्वच्छ रेतीचा ढीग कट्ट्याजवळ ठेवला आहे, त्यातली मूठभर घ्या.

मूर्ती सोडण्याआधी हार, कापड, जानवे, मुकुट, चमकी, मणी, तारेचे दागिने सगळे काढा. याचे कारण तळीच्या मोरीत आहे. तिचे पाणी खालच्या कुळागरांना जाते. माती तळाशी बसते, ती उन्हाळ्यात गाळ म्हणून काढता येते. पण हारांतले नायलॉनचे दोरे आणि कापड मोरीत जाऊन गुंततात आणि पाणी अडते. मग कंबरभर पाण्यात उतरून हातांनी ते ओढून काढावे लागतात. गेल्या वर्षी दोन पोती निघाली.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना गोव्यात बंदी आहे. कुणाच्या नकळत तशी मूर्ती घरी आली असेल, तर ओळखायची खूण अशी: ती आकाराच्या मानाने हलकी लागते, आणि रंग नसलेल्या तळाला ओले बोट चोळले तर माती बोटाला लागत नाही. लाज वाटायचे कारण नाही. आम्हाला हळूच सांगा. त्या मूर्तीसाठी कट्ट्याजवळ वेगळी टाकी भरून ठेवली आहे, विसर्जन त्याच मानाने होईल.

कचरा

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 7 ते 8.30 या वेळेत समितीचा टेम्पो घराघरासमोर येईल. तारखा: 16, 19, 21 आणि 23 सप्टेंबर. रात्रीच बाहेर ठेवू नका. कुत्री आणि गुरे पोती फाडतात आणि सकाळी सगळे गटारात जाते.

निर्माल्य, म्हणजे फुले, दूर्वा, पत्री, उघड्या टोपलीत किंवा गोणपाटात द्या. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दिले तर एका दिवसात कुजून वास मारते आणि पिशवी सोडवत बसावी लागते. दोरा काढून द्या.

माटोळीबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण तिचे सामान पुष्कळ असते आणि त्यातले बरेच वाया जाते. नारळ, केळी, चिबूड, तोरिंग, नीरफणस, दोडकी अशी खायची फळे-भाज्या विसर्जनानंतर लगेच उतरवा आणि वाटा. लटकत ठेवली तर चार दिवसांत पिकून गळतात. कुणाला नको असतील, तर मंडपात आणून द्या, महाप्रसादाला घेऊ. कवंडळासारखी शोभेची रानफळे गुरांना घालू नका, ती विषारी असतात. केवणीच्या सालीचे दोर खतात चालतात. तार आणि नायलॉनची सुतळी मात्र चालत नाही, ती कापून वेगळी द्या. एवढ्याशा तारेने गाईचा जीव जातो.

हे सगळे शाळेमागच्या खड्ड्यात जाईल. तिथे वीतभर निर्माल्य, त्यावर चार बोटे सुका पाला आणि मूठ-मूठ माती असे थर लावतो आणि आठवड्याला एकदा वरखाली करतो. पावसाळी हवेत खड्डा ओला राहिला तर आंबूस वास येतो, त्यावर उपाय म्हणजे सुका पाला आणि नारळाच्या सोडणांचा भुसा. ज्यांच्याकडे सुकी सोडणे असतील त्यांनी जरूर द्यावीत, आम्हाला दहा पोती लागतील. खत दोन-तीन महिन्यांत तयार होते. ज्यांना हवे त्यांनी टेबलावर नाव लिहावे.

थर्माकोल, चमकी, प्लास्टिकची फुले सुक्या पोत्यात. जळालेल्या दिव्यांच्या माळा आणि बॅटऱ्या वेगळ्या, त्या खतातही नकोत आणि सुक्या कचऱ्यातही नकोत. फटाक्यांचा कागद आधी पाण्यात भिजवा, न फुटलेला फटाका टेम्पोत पेटू शकतो. आणि परसात काहीही जाळू नका.

महाप्रसादाला यंदा स्टीलची ताटे आणि पेले आहेत. घरून येताना शक्य झाल्यास आपला पेला आणा, धुणाऱ्या बायांचे काम तेवढे हलके होईल.

काही अडचण असेल, आवाजाची तक्रार असेल, तर आधी मंडपातल्या टेबलावर या, रात्री 11 पर्यंत तिथे कुणीतरी असेल. तातडीचे असेल तर पोलिसांसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108. तक्रार करणाऱ्याचे नाव आम्ही कुणालाही सांगणार नाही.

तळीवरची छोटी घोषणा. मंगळवार, 15 सप्टेंबर, संध्याकाळी 5 पासून दर वीस मिनिटांनी

आता ज्या गटाची पाळी आहे त्या गटातली मंडळी, दोन-दोन मूर्ती घेऊन पायऱ्यांकडे या. ज्यांची आरती व्हायची आहे त्यांनी कट्ट्यावर थांबावे. हार आणि कापड डावीकडच्या टोपल्यांत, तार आणि चमकी उजवीकडच्या पोत्यात. पाट खालून धरा, घाई नको. पाळी चुकली तरी काही बिघडत नाही, शेवटच्या गटानंतर तुम्हाला घेऊ.

रात्रीची घोषणा. रोज 9.40 ला

मंडळी, पाच मिनिटांत स्पीकर बंद करत आहोत. चालू असलेली आरती पूर्ण होईल, पुढची स्पीकरशिवाय म्हणू. गाड्या बाहेर काढताना हॉर्न वाजवू नका. मोदकांची पाने आणि द्रोण दारातल्या टोपलीत टाका. उद्या सकाळची आरती 9 ला.