सुनंदाताईंचं नॉमिनेशन, सुधारून पुन्हा पाठवतेय

पुरस्कार: तालुक्यातली उत्कृष्ट आरोग्यसेविका
कोणासाठी: सुनंदाताई, आमच्या उपकेंद्रात 9 वर्षं
कोण लिहितंय: त्याच आरोग्य केंद्रातली आरोग्य सहाय्यिका

पहिल्या फॉर्ममध्ये मी "कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, सेवाभावी" असं लिहिलं होतं, ते सगळं काढलंय, कारण त्यातून ताईंनी काय केलं हे कळतच नव्हतं.

आमच्याकडे तीन कातकरी वाड्या आहेत. दिवाळी झाली की बहुतेक घरं वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात, आणि नेमकी त्याच महिन्यांत बाळांच्या पेंटाची आणि नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाची तारीख येते. डोस आधीच देऊन टाकू म्हटलं तर तसं करता येत नाही, पेंटाच्या दोन डोसांत किमान चार आठवडे हवेतच. 2023 च्या जूनमध्ये परत आलेल्या 36 बाळांपैकी 19 जणांचे डोस राहिले होते, हा आकडा आमच्याच रजिस्टरमधला आहे.

ताईंनी त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आशाताईंना घेऊन घरोघरी जाऊन एक वही केली. बाळाचं नाव, पुढच्या डोसाची तारीख, भट्टी कुठल्या गावात, मुकादमाचा नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचा कॉलम म्हणजे त्या गावच्या सिस्टरचा नंबर, तो शोधायला त्यांनी सहा आरोग्य केंद्रांना फोन केले. जे डोस तेव्हा देय होते ते निघण्याआधी दिले, बाकीच्यांच्या कार्डावर तारीख मोठ्या अक्षरात लिहिली. मग दर सोमवारी, ज्याची तारीख त्या आठवड्यात असेल त्याच्या आईला आणि तिकडच्या सिस्टरला फोन.

2024 च्या जूनमध्ये 38 बाळं परत आली, त्यातल्या 33 जणांचे सगळे डोस वेळेत झालेले. 21 बाळांना भट्टीवरच डोस मिळाला, कार्डावर तिकडच्या नोंदी आहेत, मी स्वतः एकेक कार्ड बघितलंय. पाच बाळांचे राहिले, त्यांच्या घरच्यांचे फोन डिसेंबरनंतर लागलेच नाहीत, वहीत तेही लिहिलेलं आहे. त्यांना पुढच्याच लसीकरण सत्रात डोस दिले.

हे फक्त ताईंचंच श्रेय असं मी म्हणत नाही, आशाताई आणि तिकडच्या सिस्टर नसत्या तर जमलं नसतं. पण वही ताईंची, आणि सोमवारचे फोनही ताईंचेच, स्वतःच्या मोबाईलवरून. एका आईने मला सांगितलं, "भट्टीवर आमचं नाव घेऊन कोणी विचारायला येईल असं वाटलंच नव्हतं." मला तरी या सगळ्यात हेच सगळ्यात मोठं वाटतं.

यंदा शेजारच्या दोन उपकेंद्रांनी तशीच वही सुरू केलीय, कॉलम ताईंनीच आखून दिले. वहीच्या पानांचे फोटो (नावं आणि नंबर झाकून), दोन्ही वर्षांच्या रजिस्टरच्या प्रती आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचा तपासणी अहवाल सोबत जोडलाय.