विषय: चार्जिंगची पट्टी बदलल्यापासून माईक बंद, जॉबशीट नंबर ४१७२, तिसऱ्यांदा सांगतोय, आता लेखी

ता. २४ सप्टेंबर २०२५, बुधवार
राजारामपुरी, कोल्हापूर

मॅनेजर साहेब, नमस्कार.

मी तुमच्याकडे ही तक्रार घेऊन आजवर दोनदा येऊन गेलो, दोन्ही वेळा तुम्ही जागेवर नव्हता, काउंटरवरच्या पोरांशीच बोलणं झालं, आणि तोंडी बोललेलं तिथं कोण लिहून घेत नाही हे मला आता कळलंय. म्हणून हे पत्र ईमेलवर पाठवतोय आणि त्याचीच प्रिंट उद्या काउंटरला देऊन वरच्या कागदावर सही-शिक्का घेणार आहे. जरा लांबलंय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

माझा छोटा हत्ती आहे, गांधीनगर मार्केट ते शिरोली एमआयडीसी आणि आसपास भाडी मारतो. माझं दुकान म्हणजे हा फोनच. पार्टी फोन करते, मी कुठं आहे विचारते, भाडं ठरतं, विषय संपला. लिहून पाठवा म्हटलं तर कोण पाठवत बसत नाही, दुसऱ्या टेम्पोवाल्याला लावतात.

फोनचा प्रॉब्लेम एवढाच होता की चार्जिंगची पिन ढिली झालेली, केबल एका बाजूला दाबून धरली तरच चार्ज व्हायचा. १२ तारखेला शुक्रवारी सकाळी तुमच्याकडे जमा केला. तुमच्या पोरानं समोर चेक करून जॉबशीट भरली, ती माझ्यासमोर आत्ता पडलीय, त्यावर डिस्प्ले ओके, कॅमेरा ओके, स्पीकर ओके, माईक ओके असं टिक केलंय आणि "पाणी गेल्याच्या खुणा" समोर "नाही" लिहिलंय. हे मी लिहिलेलं नाही, तुमच्याच पोराचं अक्षर आहे, खाली तुमचा शिक्का आहे. ही ओळ लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१३ तारखेला शनिवारी संध्याकाळी साडेसहाला फोन मिळाला. पार्ट १२०० रुपये, मजुरी ३००, वर १८ टक्के जीएसटी २७०, एकूण १७७० रुपये भरले, पक्कं बिल आहे. बसवलेल्या पार्टला ९० दिवसांची वॉरंटी असं बिलाच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात छापलंय. काउंटरवर केबल लावून दाखवली, चार्जिंगची खूण आली, "ओके आहे दादा" म्हणाला आणि मी निघालो. कॉल लावून बघितला नाही, ना त्यानं ना मी. माझी तेवढी चूक मान्य, पण चार्जिंगला दिलेल्या फोनचा माईक तपासायचा असतो हे मला कुठनं माहीत असणार?

त्या रात्री आईचा फोन आला. आई गडहिंग्लजला असते, तिच्याकडं साधा बटणांचा फोन आहे. मला तिचं सगळं ऐकू येतंय, जेवलास का, दसऱ्याला कधी येतोस, आणि मी उत्तर देतोय तर ती नुसती "हॅलो, अरे हॅलो, बोल की" करतेय. तीनदा फोन लावला बिचारीनं. चौथ्यांदा माझ्या बहिणीला लावून विचारलं की भाऊ रागावलाय का माझ्यावर. आता हे काय तुमच्या जॉबशीटवर लिहायच्या कामाचं नाही, पण झालं ते सांगितलं.

रविवारी तुमचं बंद. सोमवारी १५ तारखेला आलो. पोरानं फोन हातात घेतला आणि न बघताच सॉफ्टवेअरचा इश्यू आहे म्हणाला, रिसेट मारावा लागेल. मी म्हटलं बाबा, इअरफोन लावला की समोरच्याला माझा आवाज नीट जातोय, सॉफ्टवेअर बिघडलं असतं तर इअरफोनवरनंही गेला नसता, बरोबर ना? तर म्हणे, प्रोसिजर आहे. रिसेट मारला. नंबर परत आले, पण दोन वर्षांत पार्ट्यांनी पाठवलेल्या लोकेशन, गोडाऊनचे फोटो, बिलांचे फोटो, बॅकअपला नव्हतं ते सगळं गेलं. आणि माईक? जसाच्या तसा बंद.

घरी येऊन मी स्वतः जे करून बघितलं ते सांगतो, कारण तुमच्या टेक्निशियनला यातनं लगेच कळेल. साधा कॉल लावला तर माझा आवाज अजिबात जात नाही. व्हॉट्सॲपला व्हॉइस मेसेज केला तर नुसती खरखर, उशी तोंडावर धरून बोलल्यासारखं लांबनं काहीतरी येतं. व्हिडिओ काढला की आवाज स्वच्छ येतो, स्पीकर फोनवर टाकला की समोरच्याला बऱ्यापैकी ऐकू जातं. म्हणजे वरचा माईक चालू आहे आणि खालचा मेलाय. ॲपच्या परमिशन बघितल्या, सगळ्या चालू. कव्हर काढून बघितलं, सेफ मोडला टाकून बघितलं, तेच. *#06# दाबून आयएमईआय पण बघितला, जॉबशीटवरच्या नंबराशी जुळतो, म्हणजे फोन तरी माझाच परत दिलाय. आणि रिपेअरच्या आदल्या रात्री ११ तारखेला मी एका पार्टीला पाठवलेला व्हॉइस मेसेज त्यांच्याकडं अजून आहे, तो मी परत मागवून घेतलाय, खणखणीत आवाज आहे.

आता खालचा माईक कुठं असतो? माझ्या या फोनमध्ये चार्जिंगची पिन ज्या छोट्या बोर्डावर आहे त्याच बोर्डावर. हे मला तुमच्याच पोरानं जमा करताना सांगितलं होतं, "पूर्ण सब-बोर्ड बदलायला लागेल, पिन-माईक एकत्रच येतंय" असं, म्हणून तर १२०० सांगितले. मग साहेब, माईक असलेला बोर्ड तुम्ही काढला, माईक असलेला बोर्ड तुम्ही बसवला, आणि माईक बंद पडला. यात माझा हात कुठं लागला?

खरा राग मला १८ तारखेचा आलाय. दुसऱ्यांदा आलो, गुरुवारी दुपारी. तुमच्या काउंटरवरच्या त्या उंच पोरानं ड्रॉवरमधनं सिम काढायची पिन घेतली आणि माझ्यासमोर माईकच्या भोकात घातली, आणि नुसती घातली नाही तर कान कोरल्यासारखी फिरवली. मी ओरडलो तर म्हणतो कचरा असतोय दादा. अहो, त्या भोकाच्या आत बारीक जाळी असते, रबराचं पॅकिंग असतं, आणि त्याच्या मागं माईक. ते टेम्पोच्या नोझलसारखं तार घालून साफ करायचं असतंय होय? त्याआधी माईक वाचला असेल तर तिथं मेला असेल. तुमच्याकडं काउंटरच्या वर कॅमेरा आहे, दुपारी तीन ते सव्वातीनचं फुटेज बघा.

मग फोन ठेवून घेतला, २० तारखेला शनिवारी परत दिला आणि तोंडी सांगितलं की आत पाणी गेलंय, मेन बोर्ड खराब आहे, ७८०० रुपये लागतील. मी जॉबशीट काढून दाखवली की तुम्हीच लिहिलंय पाणी गेल्याच्या खुणा नाहीत. तर तो म्हणे नंतर गेलं असेल. म्हटलं असं कर, पाणी कुठं दिसलं त्याचा फोटो दाखव, नाहीतर कागदावर लिहून दे. दोन्ही दिलं नाही. मेन बोर्ड खराब असता तर इअरफोनवर आणि वरच्या माईकवर आवाज आला असता का, याचं उत्तर पण दिलं नाही, "सर आल्यावर बोला" एवढंच. त्या भेटीची वेगळी जॉबशीट पण केली नाही, मागितली तरी.

शाहूपुरीत एका ओळखीच्या रिपेअरवाल्याला नुसता बाहेरनं दाखवला. उघडू दिला नाही, नाहीतर उद्या तुम्ही म्हणाल बाहेर खोलला, वॉरंटी गेली. त्यानं टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला एकतर बोर्डाची पट्टी नीट बसलेली नाही, नाहीतर गम भोकावर आलाय, नाहीतर बोर्डच डुप्लिकेट आहे. तीनपैकी कुठलं ते उघडल्यावर कळेल, पण तिन्ही तुमच्याच हातचं.

सध्या मी इअरफोन लावून काम चालवतोय. त्यात गंमत अशी की या फोनला भोक एकच, इअरफोन लावला की चार्जिंग बंद आणि चार्जिंग लावलं की बोलणं बंद. दिवसभर मॅप चालू असतो, दुपारी दोनपर्यंत बॅटरी संपते. परवा घटस्थापनेपासून गर्दीचे दिवस सुरू झालेत, सकाळी पावणेनऊला गांधीनगरच्या जुन्या पार्टीचा फोन आला, मी चार्जिंगला लावलेला, घाईत तसाच उचलला, ते तीनदा हॅलो हॅलो करून ठेवून गेले. इअरफोन लावून परत केला तोपर्यंत दुसरा टेम्पो ठरला होता. ११०० चं भाडं. असं एकदाच झालं असतं तर लिहिलं पण नसतं.

मला काय पाहिजे ते सरळ सांगतो. हे पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत फोन माझ्यासमोर उघडा, कंपनीचा ओरिजिनल सब-बोर्ड फुकटात बसवा, आत्ता बसवलेला बोर्ड मला दाखवा, आणि देताना काउंटरवर कॉल लावून, व्हॉइस मेसेज करून दाखवा. काय बिघडलं होतं ते जॉबशीटवर लिहून सही करा. एक दिवसापेक्षा जास्त ठेवणार असाल तर तेवढ्यापुरता साधा का असेना एक फोन द्या. जमत नसेल तर १७७० रुपये परत द्या आणि पिन घातल्यानं जाळी फाटली असेल तर तो खर्च तुमचा, मी दुसरीकडनं करून घेतो. बुडालेल्या भाड्याचे पैसे मी आत्ता मागत नाही, पण ७ दिवसांत काहीच झालं नाही तर तेही मागणार.

मग मी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार आणि तिथं पण नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याला सेवेतली त्रुटी म्हणतात, पैसे घेऊन केलेलं काम नीट नसेल तर ती त्रुटीच, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथं फी पण लागत नाही. धमकी म्हणून सांगत नाही. मला कोर्टकचेरीची हौस नाही, एक दिवस तिकडं गेला की माझं एक भाडं बुडतं. पण ७८०० भरून तुमची चूक मी निस्तरायची हे होणार नाही.

सोबत जॉबशीट, बिल, ११ तारखेचा व्हॉइस मेसेज आणि १४ तारखेला त्याच पार्टीला पाठवलेला दुसरा व्हॉइस मेसेज जोडलाय. दोन्ही पाठोपाठ ऐका, एका मिनिटाचं काम आहे.

मी सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर येऊ शकतो, आदल्या दिवशी कळवा. कळवताना मेसेज करा, फोन नको. तुमचं मला ऐकू येईल, माझं तुम्हाला येणार नाही.

आपला,
संभाजी
(छोटा हत्तीवाला, मोबाईल नंबर जॉबशीटवर आहे)