फुल बॉडी चेकअप: १,४९९ रुपयांत नेमकं काय मिळतं?

(कॅमेऱ्यासमोर लॅबमधल्या ताई. टेबलावर तीन रंगांच्या झाकणांच्या ट्यूब आणि लघवीची डबी.)

नमस्कार. 'फुल बॉडी चेकअप, ७० टेस्ट, ८० टेस्ट' अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. हा आकडा कसा वाढतो ते आधी सांगते. सीबीसी ही एकच तपासणी, पण तिच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट अशा वीसेक ओळी असतात. प्रत्येक ओळ वेगळी मोजली की झाल्या वीस टेस्ट! आम्ही तसं मोजत नाही. आमच्या पॅकेजमध्ये तपासण्या आठ आहेत.

(पडद्यावर: सीबीसी, उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल, लिव्हर, किडनी, थायरॉइड, लघवी)

शुगरच्या दोन तपासण्या कशाला, असं बरेच जण विचारतात. उपाशीपोटी शुगर त्या सकाळची असते. आदल्या दिवशी गोड टाळलं, तर ती थोडी बरी दिसू शकते. एचबीए१सी मात्र मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिथे एका दिवसाचं पथ्य चालत नाही. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेहाच्या कक्षेत. मधलं आलं तर आत्ताच सावध व्हायचं. पण अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, म्हणून तो सीबीसीसोबत वाचावा लागतो.

लिपिडमध्ये कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड, किडनीत क्रिएटिनिन, युरिया आणि युरिक अ‍ॅसिड, थायरॉइडमध्ये टी३, टी४ आणि टीएसएच. व्हिटॅमिन डी आणि बी१२ या किमतीत नाहीत. हव्या असतील तर दोन्हींचे मिळून ७०० रुपये जास्त.

(पडद्यावर: एका व्यक्तीचे १,४९९ रुपये. त्याच घरातल्या, त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीचे १,२९९ रुपये.)

लॅबपासून पाच किलोमीटरपर्यंत घरी येऊन सॅम्पल घेण्याचे पैसे नाहीत. त्यापुढे एका फेरीचे १०० रुपये, घरातले कितीही जण असोत. पैसे सॅम्पल दिल्यावर द्यायचे, रोख किंवा यूपीआयने. पावती मागून घ्या.

आता आदल्या रात्रीचं. जेवण नऊपर्यंत उरका आणि सकाळी सातची वेळ घ्या, म्हणजे दहा तास होतात. आम्हाला दहा ते बारा तास उपास हवा. साधं पाणी हवं तेवढं प्या. उलट पाणी न प्यायल्याने नस सापडायला त्रास होतो. सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'अर्धा कप चहा'चा. दूध-साखरेच्या चहाने शुगर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही बिघडतात, मग सॅम्पल दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावं लागतं. चहा झाला असेल तर लपवू नका, वेळ बदलून देतो.

थायरॉइडची गोळी आणि शुगरचं औषध सॅम्पल दिल्यानंतर घ्या. बीपीची गोळी नेहमीच्या वेळी चालते. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर बुकिंगलाच सांगा, त्याने थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती बंद करायची नाही, फक्त आमच्या माणसाला सांगायचं.

(जवळून: हाताला पट्टा, सुई, भरत जाणारी ट्यूब.)

एकाच टोचणीत तीन ट्यूब भरतात, सगळं मिळून आठ-दहा मिली रक्त, म्हणजे जेमतेम दोन चमचे. पिवळ्या झाकणाची ट्यूब लिव्हर, किडनी, लिपिड आणि थायरॉइडसाठी. जांभळ्या झाकणाची सीबीसी आणि एचबीए१सीसाठी. ती भरल्यावर आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करतात, नाहीतर आत गुठळी होते आणि प्लेटलेट खोट्याच कमी दिसतात. करड्या झाकणाची शुगरसाठी. तिच्यातलं फ्लोराइड नसेल तर रक्तातल्या पेशी लॅबपर्यंत येता येता साखर खात राहतात.

सुई आणि ट्यूब तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाल्या पाहिजेत. ट्यूबवर तुमचं नाव आणि वय तिथेच लिहून घ्या, आणि वाचून बघा. नंतर कापूस तीन मिनिटं दाबून धरा, चोळू नका, चोळलं की हात काळानिळा पडतो. रक्त पातळ करायची गोळी असेल तर पाच मिनिटं.

लघवीची डबी आधीच्या दिवशी पोचवतो. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली घ्या. पाळी चालू असेल तर लघवीची तपासणी चार-पाच दिवसांनी द्या, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

घरी येण्याची वेळ सकाळी साडेसहा ते दहा, रविवारीसुद्धा. रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफमध्ये, पॅथॉलॉजिस्टच्या सहीसह. व्हिटॅमिनचा दुसऱ्या दिवशी. एखादा आकडा धोक्याचा आला तर सातची वाट न पाहता फोन करतो, म्हणून चालू असलेलाच नंबर द्या. ठळक अक्षरातला आकडा दिसला की लगेच गोळ्या सुरू करू नका, रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

(पडद्यावर: बुकिंगसाठी व्हिडिओखालचं व्हॉट्सअ‍ॅप बटण)

नाव, वय, पत्ता आणि चालू गोळ्यांचा एक फोटो पाठवा. रात्री आठपर्यंत मेसेज आला तर दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळते.