क्यूए इंजिनिअर पदाच्या निकालाला झालेला उशीर आणि आजची नेमकी स्थिती

नमस्कार,

शेवटच्या फेरीत तुमच्यापैकी जवळपास प्रत्येकाने विचारलं होतं, "साधारण कधीपर्यंत कळेल?" आणि मी लॅपटॉप मिटता मिटता सांगून टाकलं होतं, "दहा दिवस, फार तर दोन आठवडे." आज सहा आठवडे होत आले. मधल्या काळात तुमच्यापर्यंत काही पोहोचलंच असेल, तर एचआरचं "प्रोसेस सुरू आहे" एवढं एक वाक्य. त्यातून काहीही कळत नाही, हे मलाही माहीत आहे. झालेल्या उशिराबद्दल मनापासून माफी मागतो, आणि त्याहून जास्त इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल.

हा मेल सहा जणांना जातो आहे आणि मजकूर सगळ्यांना तोच आहे.

झालं असं, की जागा दोन होत्या. तुमच्या मुलाखती चालू होत्या तेव्हा दोन्ही मंजूर होत्या, त्यामुळे तुम्हाला उगाच बोलावलं असं नाही. शेवटची मुलाखत संपली त्याच आठवड्यात वरून सगळ्याच विभागांच्या नव्या भरतीचा खर्च पुन्हा तपासायला घेतला गेला. आमची एक जागा त्यातून सुटली, दुसरी अडकली ती अजून अडकलेलीच आहे. सुटलेल्या जागेसाठी गेल्या सोमवारी एका उमेदवाराला ऑफर दिली. ती व्यक्ती तुम्हा सहा जणांत नाही. होकार-नकार कळवायला त्यांना शुक्रवार, 17 तारखेपर्यंत मुदत आहे.

सगळं बजेटच्या माथी मारणं सोयीचं आहे, पण खरं नाही. दोघांचे फीडबॅक फॉर्म माझ्याकडेच नऊ दिवस पडून होते. रिलीज तोंडावर होती, रोज "आज रात्री भरतो" म्हणायचो आणि रात्री भरत नव्हतो. शिवाय काहीतरी पक्कं हाती आलं की मगच कळवू, असं मी ठरवून बसलो. पक्कं काही आलंच नाही. तुमच्यापैकी एकाने तीनदा मेल केला. तिसऱ्याची सुरुवात होती, "पुन्हा त्रास देतोय, माफ करा." तो वाचून ओशाळायला झालं. माफी मी मागायची, आणि मागत होता तुम्ही.

आता पुढचं. ऑफर नाकारली गेली, तर ती जागा तुमच्यापैकी एकाला मिळेल आणि त्यासाठी आणखी कुठलीही फेरी होणार नाही. स्वीकारली गेली, तर उरेल फक्त अडकलेली जागा. तिचा निर्णय 28 तारखेच्या बैठकीत अपेक्षित आहे. ती सुटावी म्हणून मी भांडतो आहे, पण शक्यता विचाराल तर निम्मी-निम्मी. त्याहून चांगला आकडा सांगितला तर ती थाप ठरेल. आणखी एक गोष्ट लपवत नाही: मंजुरी मिळाली तरी आधी कंपनीतल्याच कुणाची बदली होते का ते पाहा, अशी अट येऊ शकते.

म्हणून स्पष्टच लिहितो. हातात दुसरी ऑफर असेल आणि ती पटत असेल, तर घ्या. आमच्यासाठी थांबू नका, आणि आमच्या भरवशावर राजीनामा तर अजिबात देऊ नका. दुसरीकडे कळवायची मुदत जवळ आली असेल तर मला तारीख सांगा. तुम्ही आमच्या यादीत नेमके कुठे आहात, ते मी त्याच दिवशी फोन करून सांगेन. सगळ्यांना एकत्र मेलमध्ये क्रम सांगणं बरोबर वाटलं नाही, इतकंच. नाव मागे घ्यायचं असेल तर एक ओळ पुरे, कारण देण्याची गरज नाही.

असाइनमेंटबद्दल. चार तासांचं काम म्हणून दिलं होतं, पण तुमच्या टेस्ट केसेस बघता त्यात कुणाचाही एक आख्खा रविवार नक्की गेला आहे. एकीने तर लॉगिनचं सेशन संपत असतानाच पेमेंटचं बटण दाबलं तर काय होतं, हेही तपासलं होतं. आमच्या टीमच्या ते डोक्यातही आलं नव्हतं. निकाल काहीही लागो, प्रत्येकाला असाइनमेंटवर माझा लेखी अभिप्राय 24 तारखेपर्यंत मिळेल. हे काम फक्त निवडीसाठी पाहिलं, ते दुसरीकडे कुठेही वापरलेलं नाही.

माझा पुढचा मेल शनिवारी, 18 तारखेला दुपारपर्यंत येईल. तोपर्यंत काहीच ठरलं नसलं, तर "काही ठरलं नाही" एवढं तरी लिहीन. त्यानंतरचा 29 तारखेला. या मेलला दिलेलं उत्तर एचआरकडे न जाता थेट माझ्याकडे येतं. रागाने लिहावंसं वाटलं तरी लिहा, चालेल.

आपला,
हायरिंग मॅनेजर, क्यूए टीम