ठिपका रेषेवर का बसत नाही?

निपाणी भागातल्या एका ऊस उत्पादकाचे पत्र आले आहे. गावातल्या शेतकरी मेळाव्यात त्यांनी पडद्यावर एक आलेख पाहिला. आडव्या अक्षावर पाण्याच्या पाळ्या, उभ्या अक्षावर एकरी टन आणि मधून चढत गेलेली सरळ रेषा. 22 पाळ्यांना ती रेषा 44 टन दाखवत होती. यांनीही 22 पाळ्याच दिल्या होत्या, पण काट्यावर ऊस भरला एकरी 37 टन. 'मग रेषा खोटी, की माझीच शेती चुकली?' असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही नाही. ही रेषा कुठल्याही एका शेताबद्दल बोलतच नसते. 22 पाळ्या देणारी सगळी शेते एकत्र घेतली तर त्यांची सरासरी कुठे पडेल, एवढेच ती सांगते. समजा, अशी पाच शेते आहेत आणि त्यांचे उत्पन्न 37, 42, 45, 46 आणि 50 टन आले. बेरीज 220, सरासरी 44. यातल्या एकाही शेतात 44 टन पिकले नाहीत, तरी 44 हा आकडा अगदी बरोबर आहे. आलेखावर प्रत्येक शेताचा एक ठिपका असतो. त्या ठिपक्याचे रेषेपासूनचे उभे अंतर म्हणजे त्या शेताची तफावत: प्रत्यक्ष उत्पन्न वजा रेषेने सांगितलेले उत्पन्न. आपल्या पत्रलेखकांची तफावत उणे 7, पन्नास टनवाल्याची अधिक 6.

ही तफावत येते कुठून? आलेख काढणाऱ्याने पाळ्या तेवढ्या मोजल्या. पण उसाने फक्त पाळ्या पाहिल्या नाहीत. एकाची जमीन नदीकाठची काळी, दुसऱ्याची माळाची तांबडी. एकाचा ऊस लावणीचा, दुसऱ्याचा खोडवा. कुणाचे बेणे जुने, कुणाच्या शेतात हुमणी लागलेली. कुणाला तोड वेळेवर मिळाली. कुणाचा ऊस टोळीची वाट पाहत उभा राहिला आणि तोडल्यावरही फडात वाळला, म्हणजे वजनात घट आलीच. शिवाय 'एक पाळी' म्हणजे नेमके किती पाणी? वीज मध्येच गेली तर अर्धी भिजलेली सरीसुद्धा वहीत एक पाळी म्हणूनच लिहिली जाते. हे सगळे आलेखात कुठेच नाही, आणि जे आलेखात नाही ते ठिपक्यांच्या पसाऱ्यात दिसते. सगळे मोजले तरी थोडी तफावत उरतेच, कारण शेजारच्या दोन सऱ्याही सारख्या पिकत नाहीत.

आता ही रेषा काढतात कशी ते पाहू, कारण पुढची गोष्ट त्यावर अवलंबून आहे. लेजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने 1805 मध्ये प्रसिद्ध केलेली रीत आजही रोज वापरात आहे. प्रत्येक ठिपक्याच्या तफावतीचा वर्ग करायचा आणि सगळ्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी रेषा निवडायची. या रीतीने काढलेल्या रेषेच्या वरच्या तफावती आणि खालच्या तफावती बेरजेत बरोबर फिटतात. बेरीज शून्य येते. म्हणजे कुणी तरी रेषेच्या खाली असणार हे रीतीतच ठरलेले आहे. सगळ्या गावाने मन लावून शेती केली तरी काही ठिपके खालीच राहतील. म्हणून रेषेखालच्या माणसाला आळशी ठरवणे, किंवा रेषेखालच्या शाळेला वाईट म्हणणे, हा उघड अन्याय आहे. आपल्याकडे तो सर्रास होतो, याचे मला फार वाईट वाटते.

खरा प्रश्न असतो तो पसारा किती मोठा आहे हा. सगळ्या ठिपक्यांच्या तफावतीतून पसाऱ्याचे एक माप काढता येते. आपल्या उदाहरणात ते साधारण 4 टन धरू. तफावती नेहमीच्या घंटेच्या आकारात पसरल्या असतील, तर ढोबळमानाने तीनपैकी दोन शेते रेषेच्या 4 टन वर-खाली, म्हणजे 40 ते 48 टनांत सापडतील. वीसपैकी एकोणीस 36 ते 52 च्या आत येतील. पत्रातले 37 टन या हद्दीत आहेत. खालच्या टोकाला आहेत, पण आत आहेत. त्यात खोडवा असेल तर नवल वाटायचे कारणच नाही.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. पन्नासऐवजी पाच हजार शेतांची माहिती जमवली की ठिपके रेषेला चिकटतील असे लोकांना वाटते. तसे होत नाही. जास्त माहितीने रेषेची जागा पक्की होते, पसारा मात्र तेवढाच राहतो. पसारा कमी करायचा तर जमीन, खोडवा, बेणे यांसारखी सुटलेली कारणे हिशेबात घ्यावी लागतात.

म्हणून मी आलेख पाहताना रेषेपेक्षा ठिपके आधी पाहतो. ते विस्कटलेले, कसलीही ओळ न धरणारे असतील तर रेषा ठीक आहे. पण कमी पाळ्यांची आणि फार जास्त पाळ्यांची शेते दोन्ही रेषेखाली आणि मधली सगळी वर दिसली, तर संबंध सरळ नाहीच. पाणी वाढवत गेल्यावर एका टप्प्यानंतर ऊस वाढायचा थांबतो, जमीन चोपण होते, आणि तिथे सरळ रेषा 'अजून पाणी द्या' असा चुकीचा सल्ला देते. खोडव्याचे सगळे ठिपके एका बाजूला खाली पडले असतील तर लावण आणि खोडवा यांच्या रेषा वेगळ्या काढायला हव्यात. आणि खानापूरच्या पावसावर काढलेली रेषा अथणीला लावूच नये. कणकुंबीच्या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस आणि अथणीचा कोरडा पट्टा एकाच जिल्ह्यात असले तरी त्या रेषेने अथणीची स्थिती कधी पाहिलेलीच नाही.

तीच रेषा कारखान्याला आणि शेतकऱ्याला वेगवेगळी उपयोगी पडते. कारखाना हजारो एकरांची बेरीज करतो. एकाचे उणे 7 दुसऱ्याच्या अधिक 6 मध्ये मिसळून जातात आणि एकूण गाळपाचा अंदाज बऱ्यापैकी जमतो. शेतकऱ्याचे सोसायटीचे कर्ज त्याच्या एकाच ठिपक्यावर फेडायचे असते. त्याने 44 टन धरून हप्ता ठरवू नये, 36 धरून ठरवावा.

कारखान्याचा हिशेबही एका अटीवर चालतो: तफावती एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या खोऱ्यात महापूर आला, तेव्हा नदीकाठच्या फडांत पाणी उभे राहिले. अशा वर्षी ठिपके इकडेतिकडे विखुरत नाहीत, सगळे मिळून खाली जातात, आणि कितीही एकर जमवले तरी उण्याला फेडणारे अधिक कुठेच सापडत नाही. सरासरी वर्षांच्या आकड्यांवर काढलेल्या पसाऱ्यात हा धोका दिसत नाही. त्याची तरतूद वेगळीच करावी लागते.