घरच्या लीगच्या संघांची नावं

मंडळी, आयपीएल तोंडावर आलं. यंदाची नावं देतोय. एकदा घेतलेलं नाव अंतिम सामन्यापर्यंत बदलायचं नाही, म्हणून जिंकलात तरी शोभेल आणि आपटलात तरी शोभेल अशीच निवडली आहेत. ‘हार्दिक शुभेच्छा’ मुद्दाम घेतलं नाही, दोन सामन्यांत त्याचा कंटाळा येतो.

विराटपर्व : दादाचं, आणि माझ्या मते सगळ्यांत भारी. महाभारताची पर्वं 18, कोहलीची जर्सी 18, बेंगळुरूचं पहिलं विजेतेपद 2025 ला आलं तेही 18व्या हंगामात. शिवाय विराटपर्व म्हणजे पांडवांचा अज्ञातवास. दादा तळाला गेला की त्या आठवड्यापुरतं ‘अज्ञातवास चालू’, वर आला की ‘ओळख पटली’.

लोकमान्य तिलक टर्मिनस : मामा, तुम्ही कुर्ल्याचे आणि तिलक वर्मा मुंबई इंडियन्सचा, त्यामुळे दुसऱ्या कुणाला देताच येत नव्हतं. गुण पडले की गटावर घोषणा करायची : ‘गाडी उशिराने धावत आहे, प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ शेवटचा नंबर आला तर गाडी यार्डात.

रोहितवादी : मोठे काका. 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये पत्रं लिहिणाऱ्या लोकहितवादींसारखं तुम्हीही दर रविवारी गटावर एक पत्र टाकायचं. विषय एकच, रोहितला कर्णधारपदावरून का काढलं.

सुंदर अक्षर : आत्या, आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्यास, हे तुझंच. वॉशिंग्टन सुंदर आणि अक्षर पटेल दोघेही संघात हवेत. एक जण बाहेर बसला तर त्या दिवशी ‘नुसतं अक्षर’ किंवा ‘नुसतं सुंदर’.

ये-जा-डेजा : वहिनी, रोज लोणावळा-पुणे लोकल तूच करतेस. जडेजाही 2008 ला राजस्थानातून निघाला आणि कोची, चेन्नई, गुजरात, पुन्हा चेन्नई करत परत राजस्थानात पोचला.

पंतप्रधान : भावोजी. अट एकच, ऋषभ पंत कर्णधार हवा. दुप्पट गुण मिळाले तर ‘सरकार स्थिर’, शून्यावर गेला तर ‘अविश्वास ठराव’.

श्रेयसवाद : जुळ्यांचा एकच संघ. जिंकल्यावर श्रेय कुणाचं, यावर मे अखेरपर्यंत भांडा.

कधी सुधारशन? : धाकट्याचं. साई सुदर्शनने 2025 ला 759 धावा काढून ऑरेंज कॅप मिळवली, म्हणजे तो सुधारलेलाच आहे. प्रश्न धाकट्याला आहे.

कमिन्स-जास्त : ताई.

सॉल्ट चवीपुरतं : आजी. फिल सॉल्ट लवकर बाद झाला तर ‘अळणी’, पन्नाशी गाठली तर ‘खारट’. हे तिनेच सुचवलंय, त्यामुळे कुणी मागू नये.

अदलाबदल हवी असेल तर उद्या रात्री जेवणाआधी सांगा. शेवटचा येईल त्याने सगळ्यांना आमरस-पुरी घालायची, हे यंदाही कायम.