मुदतीनंतरच्या नावनोंदणीचा नियम
26 जानेवारीची कबड्डी स्पर्धा, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

सर्व चमूंचे कर्णधार, व्यवस्थापक आणि गावकरी मंडळींना सप्रेम नमस्कार.

स्पर्धा 24, 25 आणि 26 जानेवारी 2026 ला शाळेच्या मैदानावर आहे. प्रवेश फी 700 रुपये. नोंदणीची मुदत शनिवार, 10 जानेवारी, रात्री 8 वाजेपर्यंत. त्यानंतर येणाऱ्यांचं काय करायचं, हे मुदत संपल्यावर ठरवलं तर कोणाचं तोंड पाहून ठरवलं असंच वाटते. म्हणून ते आजच, एकही अर्ज आलेला नसताना, लिहून ठेवत आहोत.

बैठकीत दोन टोकं होती. काहींचं म्हणणं, मुदत म्हणजे मुदत, दार बंद. पण जानेवारीत आपल्याकडे तुरीची सवंगणी चालते, कापसाची वेचणीही पुरती आटोपलेली नसते. बारा पोरं एका ठिकाणी जमवून पैसे गोळा करणं कर्णधाराला सोपं नाही. दुसरं म्हणणं, उशीर झाला तर सरळ दोन हजार घ्या. त्याने उशीर थांबत नाही, फक्त ज्याच्यामागे पुढारी उभा आहे तो चमू आत येतो. दोन्ही सोडून मधला रस्ता धरला.

11 ते 17 जानेवारी, रात्री 8 पर्यंत नोंदणी उशिराची समजली जाईल. तिला 700 अधिक 300, असे 1000 रुपये लागतील. पहिल्या दिवशी आला काय, सातव्या दिवशी आला काय, रक्कम तीच. संक्रांत मध्ये येते म्हणून मुदत वाढणार नाही. मुलींच्या चमूंची फी 350 आहे, त्यांना जास्तीचे 150. हे 300 रुपये कमाईसाठी नाहीत. दहा तारखेच्या आकड्यावर आचाऱ्याला सांगितलं जाते आणि किराणा भरला जातो. नंतर वाढलेल्या प्रत्येक चमूमागे खेळाडू नि सोबतचे धरून चौदा पानं वाढतात. त्यातून काही उरलं तर ते मैदानावरच्या औषधपेटीत जाईल. हिशेब 27 तारखेला शाळेच्या फलकावर लागेल.

आता जागेचं. पैसे भरले म्हणजे जागा मिळालीच असं नाही. मुलांच्या गटात 32 चमूंची सोय आहे. बाद पद्धतीत 32 चमूंचे 31 सामने होतात, दोन मैदानांवर तीन दिवसांत ते बसतात. तेहतिसावा घेतला तर एका चमूसाठी आख्खी एक फेरी वाढते, आणि शेवटचे सामने मध्यरात्री खेळवावे लागतात. म्हणून मुदतीत 27 आले तर उशिराचे पाचच घेऊ. मुदतीतच 32 भरले तर उशिराचा एकही नाही, मग तो समितीतल्या कोणाच्या पोराचा चमू असो. क्रम पावतीच्या नंबरने लागेल. "माझं नाव लिहून ठेव, पैसे मागून देतो" हे चालणार नाही. ज्याला जागा मिळाली नाही त्याचे पूर्ण 1000 रुपये 18 तारखेला तिथल्या तिथे परत.

चिठ्ठ्या रविवार, 18 जानेवारीला सकाळी 11 वाजता हनुमान मंदिराच्या पारावर, सगळ्यांसमोर निघतील. एकदा निघाल्या की पुन्हा काढल्या जाणार नाहीत. नंतर चमू घुसवला तर ज्याला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली त्याची चाल जाते, नि त्याचा तर काही दोष नसतो. मुदतीतले आणि उशिराचे एकाच डब्यात टाकू. जास्तीचे पैसे घेतल्यावर वर तगडा जोडीदार देणं म्हणजे दोनदा दंड केल्यासारखं होईल.

एखादा चमू सामन्याआधी गळाला, तर जागा न मिळालेल्यांपैकी पावतीत पहिला असलेल्याला फोन करू. त्याने गळालेल्याच्याच जागेवर खेळायचं, 1000 रुपये भरून. एका तासात होकार आला नाही तर पुढच्याला विचारू.

जास्तीची फी फक्त दोन कारणांनी माफ होईल. चमूतल्या कोणाच्या घरी मयत झाली असेल, किंवा चूक आमची असेल. मुदतीत फोनपे केलं पण आमच्याकडून पावती गेली नाही, तर मोबाइलवर पैसे गेल्याची वेळ दाखवा, तीच धरू. गाडी चुकली, कर्णधार बाहेरगावी होता, निरोप मिळाला नाही, ही कारणं ऐकून घेऊ, पण 300 लागतील. माफी एकट्या अध्यक्षांना किंवा सचिवांना देता येणार नाही. समितीतल्या तिघांच्या सह्या लागतील आणि कारण वहीत लिहिलं जाईल. वही कोणीही पाहू शकते.

बारा खेळाडूंची नावं आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स अर्जासोबतच द्याव्यात, उशिराच्या अर्जालाही त्यात सूट नाही. पैसे ग्रामपंचायतीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी 6 ते 8 मध्ये भरावेत आणि पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नये.

सचिव, कबड्डी स्पर्धा समिती
28 डिसेंबर 2025